गजांची सावली

आमच्या महाविद्यालयाच्या नाट्यमंडळाची एकांकिका बसविण्याचे काम यंदा माझ्याकडे आले. संहिता द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीची होती. त्यात एक आजी आहे. तिच्या घरातले घड्याळ केव्हाचे बंद पडले आहे आणि ती वेळ सांगते ती पश्चिमेच्या खिडकीतून जमिनीवर पडणाऱ्या उन्हावरून. साडेचारपर्यंत मुलगा येणार आहे. घर विकण्याच्या कागदावर तिला सही करायची आहे. ती तांदूळ निवडत बसते, ऊन सरकते, मुलगा येतो, एवढेच कथानक. प्रकाशाबाबत संहितेत तीनच शब्द होते : जमिनीवर खिडकीचे ऊन.

ही आजी कुठून आली ते मला ठाऊक होते. वाईच्या आमच्या घराविषयी आणि आईच्या या सवयीविषयी मीच एकदा वर्गात बोलले होते. ते घर २०२१ साली आम्ही भावंडांनी विकले. आई तेव्हापासून माझ्याकडे, पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर असते. इथल्या खिडक्यांना सरकत्या काचा आहेत आणि ऊन येते तेही समोरच्या इमारतीच्या मर्जीने. आई आता भिंतीवरचे घड्याळ पाहते. पण पाहिल्यावर एकदा जमिनीकडेही पाहते. त्यामुळे रंगमंचावरचा तो उन्हाचा पट्टा निव्वळ नेपथ्य म्हणून मला चालणार नव्हता. तो आमच्या खिडकीचा हवा होता.

आमच्या सभागृहाचे दिवे सांभाळणारे काका (विद्यार्थी त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही) गेली तीसेक वर्षे नाटकांना प्रकाश देत आले आहेत. त्यांना मी खिडकी करून दाखवली की काम झाले, अशी माझी समजूत होती. नेपथ्य करणाऱ्या मुलांनी लाकडी चौकट बनवली, तीत अर्ध्या इंचाच्या नळ्यांचे गज बसवले. जमिनीपासून अडीच फुटांवर कट्टा, त्यावर चार फूट उंच नि तीन फूट रुंद खिडकी. वाईच्या खिडकीचे माप मला तोंडपाठ होते. विंगेत मेकअपच्या खोलीकडे जाणारा जिना असल्यामुळे खिडकीमागे चार फूटच जागा होती. तिथे उंच स्टँडवर हजार वॉटचा फ्रेनेल उभा केला. फ्रेनेल म्हणजे ज्याच्या तोंडावर वर्तुळा-वर्तुळांच्या खाचांचे जाड भिंग असते तो दिवा. दिवा लागला. जमिनीवर उजेडाचा एक मऊ, मेणचट डाग पडला. त्यात चौकट कशीबशी ओळखू येत होती. गज मात्र औषधालाही नव्हते.

मुलांना वाटले, दिवा कमजोर आहे. काका हसले आणि म्हणाले, "मॅडम, दिवा जोरदार आहे. दिवा मोठा आहे, हे त्याचं दुखणं आहे."

हे कोडे उलगडायला मला एक संध्याकाळ लागली, आणि शाळेतल्या समरूप त्रिकोणांपलीकडे काही लागले नाही. प्रकाशाचा उगम टिंबाएवढा असेल तर सावलीची कड रेखीव येते. उगमाला आकार असेल तर गजाच्या कडेपाशी अशी एक पट्टी तयार होते की जिथून दिव्याचा काही भाग दिसतो आणि काही झाकलेला असतो. तीच सावलीची पुसट कड. तिची रुंदी काढायची असेल तर दिव्याच्या रुंदीला गजापासून जमिनीपर्यंतच्या अंतराने गुणावे आणि दिव्यापासून गजापर्यंतच्या अंतराने भागावे. आमच्या फ्रेनेलचे भिंग सहा इंचांचे, म्हणजे सुमारे पंधरा सेंटिमीटर. दिव्यापासून गज चार फूट, गजापासून जमीन तितकीच. तेव्हा पुसट कडही पंधरा सेंटिमीटरांची. गज जेमतेम सव्वा सेंटिमीटर जाडीचा. त्याची सावली त्या पुसटपणात मीठ पाण्यात विरघळावे तशी विरघळून गेली होती.

मग सूर्य हे कसे साधतो? तो तर केवढा प्रचंड; पण तो तितकाच दूर आहे. त्याचा व्यास आणि त्याचे आपल्यापासूनचे अंतर यांचे प्रमाण साधारण एकास एकशेआठ पडते. म्हणजे उन्हातल्या कोणत्याही सावलीची पुसट कड ही वस्तूपासून जमिनीपर्यंतच्या अंतराचा एकशेआठावा भाग असते. मीटरभर अंतराला नऊ मिलिमीटर. जपमाळेच्या मण्यांशी हा आकडा जुळतो म्हणून मराठीच्या प्राध्यापिकेने हुरळून जाऊ नये, हे मी स्वतःला बजावले. उपयोगाचा हिशेब वेगळाच होता : पंधरा सेंटिमीटरच्या भिंगाने सूर्याची बरोबरी करायची तर तो दिवा खिडकीपासून सोळा मीटरांवर, म्हणजे त्रेपन्न फुटांवर, न्यावा लागला असता. तो सभागृहाबाहेरच्या सायकलतळावर गेला असता.

काकांनी एक जुनी युक्ती करून दाखवली. फ्रेनेलचे दार उघडून भिंगच बाजूला केले. आता उघडा तंतू हाच उगम. तो इवलासा, त्यामुळे गज लगेच उमटले. पण ते हाताच्या बोटांसारखे फाकले होते. चार फुटांवरच्या दिव्यातून निघणारे किरण पसरत जातात, उन्हाचे किरण मात्र एकमेकांना समांतर येतात. शिवाय उघड्या हॅलोजनसमोर मुलांनी ये-जा करायची, हे मलाही नको होते. तो नाद सोडला.

खिडकीच्या जागी पुठ्ठ्याचा किंवा प्लायवूडचा कापलेला तुकडा दिव्यासमोर धरला तर त्याला चित्रपटवाले कुकी म्हणतात. 'कुकोलोरिस' या घोटीव शब्दाचे हे लाडके रूप. मुलांनी त्यावरून बिस्किटांचे विनोद पुष्कळ केले. पण कुकीला नियम तोच. ती दिव्याजवळ असेल तर सावली विरते. दिव्यापासून दूर आणि जमिनीच्या जवळ न्यावी तसतशी रेखीव होते. आम्ही केलेली खिडकी ही एक मोठी कुकीच होती. अंतरच नसेल तर कुकीचा इलाज चालत नाही.

राहिला गोबो. हा दिव्यासमोर नसतो, दिव्याच्या पोटात असतो. प्रोफाइल नावाच्या दिव्यात आरसा उजेड एका खिडकीवजा फटीवर गोळा करतो आणि पुढची भिंगे त्या फटीची प्रतिमा बाहेर फेकतात. पारदर्शिका दाखवायचे यंत्र जसे. त्या फटीत धातूची कातरलेली चकती सरकवली की चकतीतले भोक जमिनीवर उजेड होऊन उतरते. सावली रेखीव करायची की पुसट, हे भिंग मागेपुढे करून ठरवता येते. 'गोबो' या शब्दाची इंग्रजी आद्याक्षरांवरून एक व्युत्पत्ती सांगतात, ती मला मागाहून जुळवलेली वाटते. आपल्याकडेही अशा व्युत्पत्त्यांचा तोटा नाही.

काकांकडे खिडकीचा एक तयार, पोलादी गोबो होता. तो लावला. जमिनीवर सुबक चौकोनांची खिडकी उमटली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मोबाइलवर त्याचे छायाचित्र घेतले आणि रात्री आईला दाखवले.

आईने चष्मा लावून बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "छान आहे. कुठल्या चर्चची खिडकी आहे गं?"

मी म्हटले, आपली आहे, वाईची. तेव्हा ती जरा गप्प झाली. मग तिने हाताने हवेत दाखवायला सुरुवात केली. आपल्या खिडकीला आडवे काही नव्हते, पाच उभे गज होते. त्यांतला उजवीकडून दुसरा वरच्या बाजूला वाकलेला होता, मांजर तिथून आत यायचे. "आणि ह्यात सगळे गज सारखेच काळे आहेत. आपल्याकडे भिंतीजवळ गज काळे पडायचे, तुम्ही पोरं त्यांच्यामधून लंगडी घालायचात. पुढे झोपाळ्याकडे गेलं की ते फिके व्हायचे. तिथे ऊन नुसतं राखेसारखं असायचं."

मी त्या जमिनीवर वीस वर्षे वावरले होते. लंगडी आठवत होती, राख आठवत नव्हती. पण एकशेआठचा आकडा हाताशी होता, म्हणून कागद घेतला. फाल्गुनात वाईला दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य साधारण पंचेचाळीस अंशांवर उतरलेला असतो आणि जवळजवळ पश्चिमेला असतो. पंचेचाळीस अंशांची सोय अशी की जेवढी उंची तेवढेच जमिनीवरचे अंतर. कट्ट्याची कड भिंतीपासून अडीच फुटांवर पडणार, चौकटीची वरची कड साडेसहा फुटांवर. गजाच्या तळापासून निघालेला किरण तिरका साडेतीन फूट जाऊन जमिनीला टेकतो. तिथे सावलीची पुसट कड एक सेंटिमीटर. गज सव्वा सेंटिमीटरचा, म्हणजे त्याच्या सावलीत अजून एक बारीकसा पुरा काळा गाभा शिल्लक राहतो. गजाच्या माथ्यावरून निघालेला किरण मात्र सव्वानऊ फूट चालून येतो. तिथे पुसट कड अडीच सेंटिमीटरांवर जाते, गजाच्या दुपटीहून अधिक. तिथल्या सावलीच्या अगदी मधोमध मुंगी उभी केली तरी तिला गजाच्या दोन्ही बाजूंनी सूर्याचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग दिसत राहणार. काळे काही उरतच नाही. उरते ते राखी. आईने हे कधी मोजले नव्हते. ती तिथे बसत होती, इतकेच.

तयार गोबोत हे का येत नाही, हे दुसऱ्या दिवशी कळले. त्याला दोन कारणे होती आणि दोन्ही त्या चकतीच्या आकारात दडलेली होती. आमच्या प्रोफाइलला लागणारी चकती ८६ मिलिमीटर व्यासाची. तीत चित्रासाठी मिळतो तो मधला साडेचौसष्ट मिलिमीटरचा गोल. भाड्याने आणलेल्या सव्वीस अंशांच्या प्रोफाइलमधून वीस फुटांवर हा गोल सुमारे पावणेतीन मीटरांचा होतो. म्हणजे चकतीवरची प्रत्येक गोष्ट जमिनीवर साधारण त्रेचाळीस पट मोठी. चकतीत हाताने पातळात पातळ पट्टी ठेवायची म्हटली तरी ती दीड मिलिमीटरपेक्षा बारीक राहत नाही; तिची जमिनीवर साडेसहा सेंटिमीटरांची तुळई होते. यंत्रावर कापलेल्या गोबोत याहून बारीक काम होते, पण पातळ पट्ट्या तापून वाकू नयेत म्हणून त्यातही जाडी ठेवतात आणि आडवे सांधे देतात. नाटकात दिसणाऱ्या इतक्या खिडक्या एकाच परदेशी वळणाच्या का दिसतात, याचा उलगडा मला इथे झाला. आपले गज त्या चकतीत मावतच नाहीत.

सव्वा सेंटिमीटरचा गज हवा तर चकतीवर तो पाव मिलिमीटरपेक्षा किंचित जाड हवा. एवढी बारीक पट्टी कापता येणार नाही. पण एवढी बारीक तार मिळते. संगीत विभागाच्या कपाटात सतारीच्या पोलादी तारांची भेंडोळी होती. पाव मिलिमीटरच्या आसपासची एक तार विभागप्रमुखांनी मला दिली, बरीचशी संशयाने.

चकतीसाठी धातू काकांनी छापखान्यातून आणला. ऑफसेट छपाई झाली की ॲल्युमिनियमची पातळ प्लेट निरुपयोगी होते आणि मापाने विकली जाते. जाड कात्रीने ती कापता येते. आम्हाला मिळालेली प्लेट कुठल्याशा मार्गदर्शकाची होती, तिच्यावर प्रश्नोत्तरे अजून सरळ वाचता येत होती. (ऑफसेटची प्लेट सरळच वाचता येते, ती आधी रबरावर उमटते आणि तिथून कागदावर. उलटी अक्षरे खिळ्यांच्या छपाईत.) काकांनी मात्र वाचू दिले नाही. त्या थराला दिव्यात धूर येतो, म्हणून त्यांनी ती पॉलिश पेपरने घासून कोरी केली.

आता चकतीत भोक कुठे आणि कोणत्या आकाराचे पाडायचे? बार चौदा फुटांवर होता आणि दिवा तिरका, पंचेचाळीस अंशांत खाली रोखलेला. त्यामुळे चौकोनी भोकाचा जमिनीवर चौकोन पडत नाही. लांबचे टोक दिव्यापासून अधिक दूर, म्हणून ते अधिक रुंद पडते. शिवाय सगळी आकृती लांब ताणली जाते. उन्हाची आकृती मात्र दोन्ही टोकांना सारखीच रुंद असते. मी कोनांची कोष्टके काढायला बसले होते, तेवढ्यात काकांनी हे प्रकरण खडूने सोडवले. आधी त्यांनी जमिनीवर हवा तो पट्टा आखून घेतला : भिंतीपासून अडीच फुटांवर सुरू, साडेसहावर संपणारा, तीन फूट रुंद. मग एका कोऱ्या चकतीत दाभणाने पाच-पाच मिलिमीटरवर छिद्रे पाडली आणि ती दिव्यात घातली. जमिनीवर उजेडाच्या ठिपक्यांची रांगोळी उमटली. ज्या ठिपक्यांच्या मध्ये पट्ट्याचे चार कोपरे येत होते त्यांची नोंद केली, चकती बाहेर काढली आणि त्याच ठिकाणी खुणा केल्या. भोकाचा आकार निघाला तो दोन सेंटिमीटरांच्या आसपासचा, एका बाजूला निमुळता झालेला. कोष्टके मी घडी करून पर्समध्ये ठेवली.

तारा बसवताना डिंक, फेव्हिक्विक, झाळकाम यांतले काहीच चालत नाही. हॅलोजनच्या प्रोफाइलमध्ये चकतीच्या जागी इतकी उष्णता असते की डिंक जळतो आणि झाळ वितळते. भोकाच्या वर-खाली सुईने छिद्रे पाडून तार त्यांतून ओवली आणि मागे पक्कडीने पिळून घेतली. पाच तारा, मध्ये साडेतीन-साडेतीन मिलिमीटरचे अंतर. उजवीकडून दुसरी तार वरच्या टोकाशी मी चिमट्याने किंचित वाकवली. काकांनी कारण विचारले. मांजराचे सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली आणि आणखी थोडी वाकवायला सांगितले.

चकती दिव्यात मीच घातली. भिंगातून प्रतिमा उलटी पडते हे वाचून ठेवले होते, म्हणून आपण पुस्तकाचे पान वरून खाली उलटावे तशी चकती उलटून घातली. वाकलेला गज पट्ट्याच्या भलत्या बाजूला आला. प्रतिमा वर-खाली उलटी असते आणि डावी-उजवीही उलटी असते. पान उलटल्याने पहिलीच चूक दुरुस्त होते, दुसरी तशीच राहते. चकतीची पाठ फिरवायची नसते, ती आहे त्याच तोंडाने अर्धा वळसा फिरवायची असते. काका खालून एवढेच ओरडले, "उलटू नका, फिरवा!"

आणि मग भिंग. सुरुवातीला आम्ही पट्ट्याच्या मधोमध गज रेखीव केले, जसे सगळे करतात. मला आईची राख हवी होती. चित्र एकाच अंतरावर पूर्ण रेखीव असते. आमचा पट्टा तिरका असल्याने त्याचे भिंतीजवळचे टोक दिव्यापासून साडेअठरा फुटांवर होते आणि लांबचे एकवीस फुटांच्या पुढे. रेखीवपणाचे अंतर मी भिंतीजवळच्या टोकाला जुळवायला सांगितले. गज तिथे काळेभोर आले आणि झोपाळ्याच्या बाजूला आपोआप विरत गेले. उन्हात जे सूर्याच्या आकारामुळे घडते ते इथे भिंगाच्या उणिवेमुळे घडले, पण घडले त्याच दिशेने. विरणाऱ्या कडांवर एक हलकी तांबूस झाक आली, ती भिंगाची देणगी. ती राहू दिली आणि केशरी कागद मात्र काढून टाकला. दुपारचे ऊन केशरी असते असे नाटकांनी आपल्याला शिकवले आहे. प्रत्यक्षात ते पांढरेच असते. आजूबाजूची सावली निळसर असते.

पट्टा सरकवायचा कसा, हा पुढचा प्रश्न. साडेतीन ते साडेचार या तासात सूर्य पंचेचाळीस अंशांवरून साधारण एकतीस अंशांवर येतो. त्यात पट्ट्याची भिंतीकडची कड पावणेदोन फूट सरकते आणि झोपाळ्याकडची चार फुटांहून अधिक. म्हणजे ऊन नुसते चालत नाही, लांबतही जाते. म्हणून दुसऱ्या वेळेसाठी दुसरा प्रोफाइल आणि दुसरी, अधिक लांबट भोकाची चकती केली. पहिला मंद करत दुसरा चढवला तेव्हा मध्ये काही क्षण दोन खिडक्या एकमेकींवर दिसू लागल्या, दहा गज. काकांनी त्यावर ढग आणला. पहिला पट्टा पूर्ण मालवायचा, खोलीतला निळसर उजेडही थोडा उतरवायचा, आजीने वर पाहायचे, आणि मग ऊन पुन्हा यायचे ते नव्या जागी. ढग येऊन गेल्यावर ऊन कुठे होते ते कुणी आठवत बसत नाही. आई बसते, पण ते पुढे.

लेखिकेला पानांची सावलीही हवी होती. खिडकीबाहेर आंबा आहे म्हणून. तयार गोबोंत पानांचे नमुने पुष्कळ असतात. त्यांतला एक लावला, तर जमिनीवर पडद्याच्या कापडावर असते तशी नक्षी आली, पान न् पान ओळखू येणारे. मी नको म्हटले. या वेळी आईला विचारावे लागले नाही. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी सूर्यग्रहण होते. दक्षिणेकडे ते कंकणाकृती दिसले, आपल्याकडे खंडग्रास. त्या दिवशी मी वाईला होते. अंगणात आंब्याखाली एरवी उन्हाचे गोल ठिपके पडतात, ते सगळे चंद्रकोरी झाले होते. स्वयंपाकघरात कौलांच्या फटीतून उतरलेले कवडसेही कोरीचे. आईने त्या दिवशी कवडशांवर पाट ठेवले नाहीत.

झाडाखालचा गोल ठिपका हा पानांमधल्या फटीचा आकार नसतो. ती फट सुईच्या छिद्रासारखे काम करते आणि जमिनीवर सूर्याचीच प्रतिमा पडते. फट पाच मीटर उंचीवर असेल तर ही प्रतिमा साडेचार-पाच सेंटिमीटरांची. फट सेंटिमीटरभर असली तर ती तिकोनी की वाकडी याचा मागमूस राहत नाही. पानाचा आकार सावलीत उतरतो तो पान जमिनीच्या जवळ असेल तरच. आमचा आंबा खिडकीपासून लांब होता. तेव्हा आंब्याची सावली म्हणजे पाने नव्हेत, पानांच्या मधले गोल कवडसे, एकमेकांवर चढलेले, कडा मऊ.

हे करणे सोपे निघाले. कोऱ्या चकतीत दाभणाने वेडीवाकडी, कमीजास्त दाटीची छिद्रे पाडली आणि भिंग मुद्दाम रेखीवपणापासून दूर नेले. भिंग असे सरकले की प्रत्येक छिद्राचा उजेड पसरून भिंगाच्याच गोल आकाराचा होतो, छिद्र कसेही असो. फटीपलीकडच्या सूर्याची जागा इथे भिंगाने घेतली. तिसरा दिवा मिळाला नाही म्हणून हे कवडसे शेवटी एका प्रसंगापुरतेच राहिले, आणि ते हलवता आले नाहीत याची खंत आहे. वारा दाखवायला काका पूर्वी खरी फांदी दिव्यासमोर टांगून तिच्यावर पंखा सोडत. ती तासाभरात दिव्याच्या धगीने मान टाकते, असेही त्यांनीच सांगितले.

प्रयोगापर्यंत एक चकती मधल्या भागात पापडासारखी फुगली आणि गज एकदम धूसर झाले. ॲल्युमिनियमचे आयुष्य तेवढेच. सलग तालमी असतील तर चकतीची जोडी करून ठेवावी लागते, किंवा पोलादाची कापून घ्यावी लागते. एलईडीच्या प्रोफाइलमध्ये चकतीजवळ उष्णता पुष्कळच कमी असते, तिथे हा त्रास एवढा होत नाही.

प्रयोगाला आई आली. तिला मी दुसऱ्या रांगेत कडेला बसवले होते, जिथून जमीन दिसते. पहिल्या रांगेतून ती दिसत नाही, रंगमंचाची कडच दिसते. पट्टा उजळला तेव्हा मी तिच्याकडे पाहिले नाही. ढग आला, गेला, मुलगा आला, कागद पुढे झाला. पडद्यानंतर मुले तिच्या पाया पडायला आली. तिने आजीचे काम करणाऱ्या मुलीला जवळ घेतले.

"ऊन बरोबर होतं," ती म्हणाली. "मांजराचा गजपण होता. पण ढगाआधी ते झोपाळ्याच्या पायापर्यंत आलेलं नव्हतं, आणि नंतर एकदम पुढे गेलं. पाऊण तास कुणी खाल्ला?"

मी म्हटले, एकांकिका चाळीस मिनिटांचीच असते.

"असू दे. पण हिला सांग, सूप असं उन्हाच्या मधोमध घेऊन नाही बसायचं. डोळे दिपतात, खडा दिसत नाही. उन्हाच्या कडेला बसायचं, सूप अर्धं सावलीत."

दुसऱ्या प्रयोगाला ती मुलगी हातभर मागे बसली. सूप निम्मे उन्हात, निम्मे सावलीत आले आणि तिचा चेहरा पुरता अंधारात गेला. काकांनी मध्यंतरात मला गाठले : चेहऱ्यासाठी एक छोटा दिवा देऊ का? तो दिला तर गजांची सावली धुऊन जाणार होती. आम्ही दोघे बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे पाहत उभे राहिलो. शेवटी दिवा दिला नाही. परीक्षकांच्या शेऱ्यात 'आजीच्या चेहऱ्यावर प्रकाश अपुरा' असे लिहून आले.